खिडक्यांची आठवण कशी द्यावी

लोहा गावात आम्ही काही बायका मिळून मुलींची अभ्यासिका चालवतो. लातूरच्या एका आडत व्यापाऱ्यानं अभ्यासिकेच्या कार्यक्रमात माईकवरून खिडक्यांचा खर्च कबूल केला होता. थंडी आली तरी खिडक्या नव्हत्या, मुली शाली पांघरून वाचायच्या. आठवण द्यायचं काम माझ्याकडं आलं.

तरुणपणी मी अशी आठवण गणपतीच्या लाऊडस्पीकरवरून, वर्गणी थकवणाऱ्याचं नाव घेऊन द्यायचे अन् स्वतःला लई शहाणी समजायचे. वर्गणी यायची, माणूस मात्र पुन्हा फिरकायचा नाही.

या वेळी फोनवर लिहिलं, "जाहीर केलेली रक्कम अद्याप मिळाली नाही."

सून म्हणाली, "आत्या, ही नोटीस हाय का?"

ते खोडलं. आधी आभार मानले, मुलींची खुशाली कळवली. मग लिहिलं, "खिडक्यांचं काम आता काढायचंय. सवडीनं, थोडं थोडं दिलं तरी चालेल. यंदा जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा, दुसरी सोय बघू. अभ्यासिका तुमचीच आहे." ग्रुपवर न टाकता त्यांना एकट्यालाच पाठवलं.

निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, पण उत्तर येईना. मी घरात येरझाऱ्या घालत राहिले. काही जास्त तर लिहिलं न्हाई ना?

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "अक्का, धंदा मंदा हाय. तोंड कसं दाखवावं म्हणून टाळत होतो. आधी दोनच खिडक्या चालतील का?"

"चालतील की! उत्तरेकडच्या आधी बसवू. वारं तिकडूनच येतंय. बसवायच्या दिवशी तुम्हीबी या."