मीटरला न दिसलेले किरण

दोन हजारच्या दशकात मी नाशकात एका मोबाइल कंपनीत सिग्नल मोजण्याचं काम करायचे. जीपमध्ये लॅपटॉप आणि मीटर घेऊन पिंपळगाव बसवंतपर्यंत रेंज बघत जायचं. वहिनी मला चिडवायची, "वन्सं, हवेतलं काही सापडलं का आज?" कॉलेजपासून मला नावानं ओळखणारी ही बाई लग्नानंतर मुद्दाम मला वन्सं म्हणायची. मला ते फार आवडायचं.

दादा-वहिनीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आला आणि वर्ष व्हायच्या आत वहिनीच्या डोक्यात गाठ निघाली. सोसायटीचा सेक्रेटरी दादाच होता, परवानगीवर सही त्याचीच. त्यानं लगेच ठरवून टाकलं: टॉवरनंच केलं. डॉक्टर सांगत होते की गाठ त्याच्या आधीपासून वाढत असावी. पण दादाला डॉक्टर ऐकूच येत नव्हते.

मी मीटर घेऊन गेले. गच्चीवर, बेडरूममध्ये, देवघरात, सगळीकडे मोजून दाखवलं. अँटेनाचा झोत समोर लांबवर जातो, बरोबर खालच्या घरात फार थोडा उतरतो. आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली होते. दादा म्हणाला, "तू कंपनीचा पगार घेतेस, तू असंच म्हणणार." सख्ख्या भावाचं हे बोलणं मला झोंबलं आणि मीही तोंडाला येईल ते बोलले.

मग त्यानं बाजारातून वहिनीसाठी कमी SAR चा हँडसेट आणला. जुन्याच्या पुस्तिकेतला आकडा मोठा, नव्याचा निम्मा, म्हणून हा बिनधोक! मी डोकं धरलं. म्हटलं, "दादा, फोन कानाला लावल्यावर डोक्याचा भाग किती वेगानं ऊर्जा शोषतो, तेवढंच हा आकडा सांगतो. किलोमागे किती वॅट. तोही द्रव भरलेल्या नकली डोक्याला फोन लावून, पूर्ण ताकदीवर चालवून काढलेला. रोजच्या वापरात फोन बहुतेक वेळा त्याहून कमी ताकद लावतो. रेंज चांगली असली की हळू बोलतो, रेंज गेली की ओरडतो. हा काही आजाराचा मार्क नाही." फोनच्या लहरींनी ऊती जराशी तापू शकते, आणि मर्यादा त्याच्याही बरीच खाली ठेवलेली असते. कॅन्सरशी पक्का संबंध अभ्यासांत सापडला नव्हता. वर्षानुवर्षं तासन्‌तास बोलणाऱ्यांवर अभ्यास चालू होते, तेही मी लपवलं नाही.

वहिनी पलंगावरून ऐकत होती. डोक्याला रुमाल बांधलेला. ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी पुढचं सांगितलं होतं: "आता रेडिएशन द्यावं लागेल." शेजारच्या काकू त्याला शेक म्हणायच्या. डॉक्टरही शेकच म्हणाले असते तर, असं मला अजून वाटतं. पण ते रेडिएशन म्हणाले, आणि त्या घरात महिनोन्‌महिने तोच शब्द शिवीसारखा वापरला जात होता.

"ज्यानं झालं तेच परत डोक्यात घालून घेऊ?" वहिनी म्हणाली.

मी परोपरीनं सांगितलं. नाव एक असलं तरी ते किरण वेगळे. ते पेशीच्या आतली घडण तोडतात, म्हणूनच गाठीवर चालतात. फोनच्या लहरींत तेवढा जोर नसतो.

तिनं माझा हात धरला. "तुझ्या मशीननं दवाखान्यात मोजशील? आमच्या बेडरूमपेक्षा आकडा कमी आला तर मी जाते. तुझ्यावर विश्वास आहे माझा."

आकडा कमीच आला असता. माझं मीटर फक्त रेडिओलहरी मोजायचं. शेकाचे किरण त्याला दिसतच नाहीत. मी नुसतं बरं म्हटलं असतं, तरी ती गेली असती. पण तिनं विश्वास हा शब्द वापरला होता. मी म्हटलं, "वहिनी, त्या मशीनला ते कळत नाही गं."

"मग तुला तरी कुठून कळणार?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

शेवटी ती तयार झाली तेव्हा फार उशीर झाला होता, डॉक्टरांनीच नको म्हटलं. द्राक्षांच्या हंगामात ती गेली. मी तिच्या साड्यांच्या कपाटासमोर बसून ढसाढसा रडले. मला त्या टॉवरचा राग आला नाही. त्या शब्दाचा आला, दादाचा आला.

सोसायटीनं टॉवर काढायला लावला. तेव्हापासून दादाच्या घरात रेंज नाही. बोलताना तो कमी SAR चा तोच हँडसेट कानाशी घट्ट दाबून धरतो, आणि फोन बिचारा पूर्ण ताकदीनं ओरडत असतो.

मधूनच तो विचारतो, "खरं सांग, टॉवरनं नव्हतं ना झालं?"

होतं म्हणावं, तर सही त्याची. नव्हतं म्हणावं, तर मग शेक का दिला नाही, हे तो स्वतःलाच विचारणार.

"दादा, आवाज तुटतोय तुझा," मी म्हणते.