चहाला नाही म्हणू नये

आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे समोरच्या माणसालाच नाही म्हणणं. त्यातून मी बौद्ध घरातली. मला तर ती सोयच नव्हती.

माझे वडील पोरवयात एका मोठ्या शेतकऱ्याकडे राबायला जात. त्यांची कपबशी तिथे गोठ्याच्या कुडाच्या भिंतीत खोचलेली असायची. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झालं की कपबशी आपणच विसळायची आणि परत कुडात खोचायची. मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट बजावली, "कोणी बसवून कप हाती दिला, तं नाही म्हणू नको, बाई. त्या कपासाठी दोन पिढ्या भांडल्या."

म्हणून मी कधी नाही म्हटलं नाही. उंद्रीच्या पुढे आडवळणाच्या गावात माझी शाळा. शाळेत न येणाऱ्या मुलांचा सर्वे आला की घरोघर हिंडायचं आणि घरोघर चहा प्यायचा. तोही आमच्याकडचा, उकळून उकळून काळा केलेला, साखरेने घट्ट. सोबत आमच्याच शाळेतले एक सर असत. ते चांगल्या जमीनदार घरातले, स्वभावाने मवाळ, कोणाचं वाईट न चिंतणारे. गावातल्या सगळ्यात मोठ्या घरी आम्हा दोघांना ओसरीवर खुर्च्या मिळत आणि दोघांना कागदी कपात चहा मिळे. मी हे वडिलांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "कप कोणता?" मी म्हटलं, "कागदी. पण सरांनाही कागदीच." ते म्हणाले, "मग ठीक." पुढे ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

मला धडधड सुरू झाली ती दुसऱ्या बाळंतपणानंतर. सर्वेच्या दिवशी दुपारी छातीत एकदम काहीतरी उसळायचं, हात कापायचे, आणि उगाच वाटायचं की आता काहीतरी वाईट कळणार. फळ्यावर लिहिताना खडू सुटायचा. बापाचं काळीज गेलं, आता माझं, हे माझ्या मनाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती.

घरात माझी कोण कीव करणार? सासूबाई म्हणाल्या, "काय झालं वं तुले? आम्ही नाही का लेकरं वाढवले? मनातच भेव भरून घेतलं तू." नवरा म्हणाला, सर्वे झेपत नसेल तर तसं सांग. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत मला बसवलं आणि माझ्यासाठी काय मागवलं असेल? कडक चहा! "टेन्शन उतरते मॅडम, घ्या." मी घेतला. कोणाला आपल्या अंगात काय चाललंय याचा पत्ता नसतो, मला तरी कुठे होता?

शेवटी मेहकरला बहिणीकडे गेले, तेव्हा ती मला ओढून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला, थायरॉईड आणि रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण आला तो राग. ठीक आहे तर मग हे काय आहे?

"चहा किती घेता?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून घेते तेवढाच."

"आणि गोळ्या कुठल्या?"

पाळणा लांबवायच्या गोळ्या मी सुरू केल्या होत्या. सर्दीनं डोकं धरलं की दुकानातून एक गोळी आणायचे, तीही सांगितली. बाई हसल्या नाहीत, कागदावर रेघा मारत समजावत बसल्या. चहातलं कॅफिन यकृत मोडून काढतं. कोणाचं यकृत ते झपाट्याने करतं, कोणाचं रेंगाळत, हे जन्मजातच असतं. म्हणून एक माणूस झोपताना चहा पिऊन घोरतो आणि दुसऱ्याचं सकाळच्या कपानेच काळीज उडतं. त्यात या गोळ्यांनी ते काम आणखी संथ होतं. सकाळचा चहा उतरायच्या आत दुपारचा त्याच्यावर चढतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, माझ्या गोळीत होतंच. 'दमलीस, थांब' असा अंगाला थोपवून धरणारा इशारा कॅफिन अडवतं आणि अंग संकट आल्यासारखं सज्ज होतं.

"मग भीती कशाची वाटते मला?"

"काळीज आधी धावतं. मन मागून कारण शोधतं. तुम्हाला वडिलांचं सापडलं."

हे ऐकून मी तिथेच रडले. इतके दिवस मला कोणी खोटी म्हटलं नव्हतं, पण खरीही कोणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते काही अवघड नव्हतं. चहा एकदम तोडू नका, डोकं ठणकेल, थोडा थोडा कमी करा. दुपारनंतर नको. उपाशीपोटी नको. कप लहान, पत्ती कमी, उकळी थोडी. डोकेदुखीची गोळी घेताना आत काय आहे ते वाचा. पाळण्याच्या गोळ्या मनाने बंद करू नका, दुसरा उपाय आपण बोलून ठरवू. "आणि लोकांच्या घरी सरळ पाणी मागा. पाण्याला कोण नाही म्हणतं? चहा न घेता धडधडलं, तर मात्र परत या."

घरी सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे चहाच भोवला? एवढ्यासाठी डॉक्टर?" म्हणू देत. काही आठवड्यांत धडधड थांबली. खडू हातात राहू लागला. वडिलांना मनातल्या मनात म्हटलं, तुमचा शब्द मोडते, पण जगायचं तर आहे.

पुढचा सर्वे आला. सकाळपासून चहाचा थेंबही घेतला नव्हता. त्याच मोठ्या घरी आम्ही ओसरीवर बसलो. घरच्या काकूंनी नेहमीसारखी चहाची सूचना आत दिली. मी म्हटलं, "काकू, चहा नको, मले सोसत नाही. नुस्तं पाणी द्या."

"काऊन? चहाले नाही म्हणू नये, मॅडम."

"डॉक्टरनं सांगितलं."

सर म्हणाले, "मलेही पाणीच द्या काकू, उन्हाचं बरं वाटते."

काकू आत गेल्या. माठात ओगराळं बुडाल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या ट्रे घेऊन. सरांना स्टीलचा पेला होता, लखलखीत, बाहेरून घाम सुटलेला. मला पाणी कागदी कपात होतं.

त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. वाईटपणाही नव्हता, ते तर जास्तच झोंबलं. चहाचे कागदी कप सरांसाठी नव्हतेच कधी. माझ्यासाठी होते, आणि ते उघडं दिसू नये म्हणून सरांनाही त्यातच चहा मिळत होता. पाण्याच्या वेळी काकूंना ते सुचलं नाही, इतकंच. सरांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि पाणी पिऊन टाकलं. त्यांनाही तहान लागली होती.

कुडातली कपबशी वडील निदान विसळून परत ठेवत होते. माझा कप तर मी उठायच्या आत चुरगळून उकिरड्यावर गेला असता. मी पाणी पिऊन तो पर्समध्ये टाकला. काकू म्हणाल्या, "राहू द्या न मॅडम, फेकून देतो आम्ही." मी म्हटलं, "हाव, ठाऊक आहे."

गल्लीत आल्यावर छातीत उसळलं. हात कापायला लागले. सर विचारत होते, पुढचं घर कोणतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चहा न घेता धडधडलं तर परत या. मी गेले नाही. पट्टी पुन्हा ठीकच निघाली असती.