वायरमन आपला, तक्रार कशाला?

सून आली त्या वर्षी तिनं स्वतःच्या हिमतीवर एक एकर केळी लावली. टिश्यू कल्चरची रोपं, वीतभर उंचीची, एप्रिलचं ऊन आणि खाली ठिबक. पाणी चुकलं की संपलं.

रविवारी दुपारी शेतातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि पंप बंद पडला. सून म्हणाली, "आई, फोन करीसन तक्रार नोंदी देऊ का?"

मी तेव्हा साठीच्या आतली, म्हणजे अक्कल पूर्ण वाढलेली असा माझा समज. वायरमन आमच्याकडे चहा प्यायचा, दिवाळीला फराळ न्यायचा. मी ऐटीत म्हटलं, "तुले काय समजस? तक्रार करसू तर त्याले वाईट लागी. तो घरना माणूस शे." आणि त्यालाच फोन लावला.

"मावशी, चिंता करू नका, सकाय व्हई जाई," तो म्हणाला.

सोमवार गेला. मंगळवारीही तेच "सकाय," म्हणजे उद्या. मी गावभर सांगत फिरत होते की माझ्या एका फोनवर डीपी येते. बाया तोंडावर पदर धरून हसत होत्या, मला वाटायचं कौतुकानं.

बुधवारी संध्याकाळी सुनेनं मला न विचारता वीज कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. शुक्रवारी सकाळी दुसरी डीपी बसली. तोवर रोपांची पानं कागदासारखी चुरत होती.

दोघी भरपाई मागायला वीज कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूनं नोंद काढली. "बुधवारी संध्याकाळी तक्रार, शुक्रवारी सकाळी काम. खेड्यात जळालेल्या डीपीला अठ्ठेचाळीस तास असतात. मुदतीत झालं. उशीर झाला असता तर तासाप्रमाणे भरपाई बिलात वळती केली असती."

"पण बंद तर रविवारपासून होती!" मी म्हटलं.

"रविवारचा तक्रार क्रमांक द्या."

"वायरमनला सांगितलं होतं."

"मावशी, ते तोंडी. तास नोंदीपासून मोजतात."

"आणि रोपं?"

"ही भरपाई उशिराची असते, पिकाची नाही. उशीर मान्य झाला असता तरी रोपांचे पैसे यातून निघाले नसते."

वायरमन बाहेर दिसला. मान खाली घालून म्हणाला, "मी साहेबास्ले सांगेल व्हतं, मावशी." तोही खरंच बोलत असावा. सांगितलेलं कुणाच्या वहीत नव्हतं, एवढंच. फराळाचा डबा मात्र त्यानं कधीच परत केला नाही, हेही लिहून ठेवते.

परत आल्यावर सुनेनं मेलेली रोपं उपटली, ओळीनं, न थांबता. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "तुम्ही सावलीमा बसा, आई."

तेव्हापासून लाइट गेली की ती आधी मोबाइल घेऊन तक्रार क्रमांक मिळवते, तारीख-वेळ लिहिते. मला काही विचारत नाही.