तीनशेच्या वरचे बावीस युनिट

मनकर्णाबाई लग्न होऊन गडचांदूरजवळच्या एका गावात आली, तेव्हा घरात कंदील होता. सत्त्याऐंशी साली पहिला बल्ब लागला. तोही तिच्या नवऱ्यानं, देवरावनंच, खदानीच्या पगारातून लावला. चुनखडीच्या खदानीत त्याची उमर गेली आणि त्या धुळीनं त्याची छाती धरली. म्हातारपणी दोन पावलं चालला तरी त्याला धाप लागायची. शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरीच ऑक्सिजनची मशीन लावा, रात्रंदिवस चालू ठेवा.

पुण्याला कंपनीत असलेल्या बिरजूनं, त्यांच्या पोरानं, जुनी मशीन घेऊन दिली. खाटेजवळ ती घुर्रर करत राहायची. नाकाला नळी लावून देवराव निजायचा आणि त्याच्या तोंडावर पुन्हा जरा रंग दिसायला लागला. मनकर्णाबाई निर्धास्त होऊन अंगणवाडीत मदतनिसाच्या कामाला जाऊ लागली.

महिना संपला. विजेचं बिल बिरजूच मोबाईलवरून भरायचा. त्यानं ॲपमधल्या बिलाचा फोटो बापाच्या फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, भरलं, काळजी करू नका. पण देवरावनं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मागच्या महिन्यात बहात्तर युनिट, बिल साडेसहाशेच्या आत. या महिन्यात तीनशे बावीस युनिट आणि तीन हजार आठशे नव्वद रुपये. खाली टप्प्याटप्प्यानं दर लिहिलेले होते. सगळ्यात खालच्या ओळीतला दर सगळ्यात मोठा.

फोन त्यानं उशाखाली सरकवला.

आठ-दहा दिवसांनी मनकर्णाबाई दुपारी लवकर घरी आली. घर चिडीचूप होतं. देवराव भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळे पडलेले, नळी मांडीवर. तिनं धावत जाऊन बटण दाबलं, नळी लावली. श्वास ठिकाणावर यायला बराच वेळ गेला.

"काऊन बंद केली?" तिनं विचारलं.

"तू कामावर गेली की करतो बंद," तो म्हणाला. "तीनशेच्या वर गेलं की सगळेच युनिट महाग धरतेत. पोराचं घर माह्या श्वासात जाऊन राह्यलं."

तिला रागही आला आणि रडूही. दुसऱ्या दिवशी शेजारणीला त्याच्याजवळ बसवून, त्याचा फोन घेऊन ती गडचांदूरच्या वीज कार्यालयात गेली. बिलाच्या टेबलावर इंदुताई होत्या. त्यांनी फोटो नीट पाहिला.

"बिल बरोबर हाये, बाई. घरी नवीन काय लावलं?"

मनकर्णाबाईनं मशीनचं सांगितलं. इंदुताईंनी खुर्ची जवळ ओढली.

"मशीनचेच अडीचशे युनिट वाढले. पण सगळे युनिट महाग नाई लागत. हे पाहा, पहिले शंभर स्वस्त दरानंच धरले, त्याचे सहाशेच्या आत झाले. पुढचे दोनशे दुसऱ्या दरानं, जवळपास तेवीसशे. तिसरा दर फक्त वरच्या बावीस युनिटांले, ते साडेतीनशेच्या आसपास. स्थिर आकार एकशे अठ्ठावीस. तो मशीन चालो की नाई, तेवढाच राह्यते. आन् या साऱ्यावर सोळा टक्के वीज शुल्क."

"मंग एक घंटा बंद ठेवली तं किती वाचते?"

इंदुताईंनी कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले. "महागातला महाग दर धरला तरी सहा-सात रुपये."

सहा-सात रुपयांसाठी माणूस एक घंटा गुदमरत होता. मनकर्णाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती उठली.

घरी येऊन ती खाटेवर बसली. इंदुताईंनी सांगितलं ते सगळं त्याच्यासमोर बोटांवर मोजून दाखवलं.

"फक्त बावीस?" देवरावनं विचारलं.

"फक्त बावीस. आन् बिरजूले म्या फोन केला. तो रडला. म्हणे, बापानं माह्यासाठी धूळ खाल्ली, मी त्याले हवा नाई देऊ का?"

देवरावनं तोंड फिरवलं. त्यानंतर मशीन त्यानं स्वतःहून कधी बंद केली नाही.

पावसाळा त्यानं काढला, दिवाळी पाहिली. थंडीत एका सकाळी, चहाचा कप तसाच ठेवून, तो गेला. मशीन चालूच होती. मनकर्णाबाईनं त्याच्या नाकाची नळी हळूच काढली, मग उठून बटण बंद केलं. घरात एवढी शांतता तिला सोसवेना, म्हणून ती अंगणात जाऊन उभी राहिली.

पुढं जिवतीकडच्या लटारूला, देवरावसोबत खदानीत राबलेल्या गड्याला, तोच रोग निघाला. मनकर्णाबाईनं मशीन त्याच्या घरी नेऊन दिली. निघताना त्याच्या बायकोला, गिरजाबाईला, तिनं दारात थांबवलं.

"बिल मोठं येईन, बाई. भेऊ नको. पण तू शेतात गेल्यावर तो काय करते, ते मातर पाहत जा."