सरांचं न बोललेलं वाक्य

चंदीगडच्या त्या विद्यापीठात मी माहिती कार्यालयात होते. काम एकच: कुणी भाषण केलं की ऐकायचं, लघुलिपीत उतरवायचं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं पानभर वृत्त करून वर्तमानपत्रांना पाठवायचं. पाहुणे तासभर बोलायचे. त्यातलं पाऊण भाषण मान्यवरांच्या स्वागतात जायचं. उरलेल्यात मुद्दा शोधायचा. कधी सापडायचा, कधी तोही मान्यवरांबरोबर चहाला गेलेला असायचा.

माझे नियम मी स्वतःच घातले होते. आधी एका ओळीत लिहायचं की या माणसाला म्हणायचं काय होतं. ती ओळ जमेपर्यंत दुसरी लिहायची नाही. मग त्याने दिलेली कारणं, त्याच्याच क्रमाने. त्याने स्वतःच्या विरुद्ध काही कबूल केलं असेल तर ते गाळायचं नाही, कारण बहुतेक वेळा माणूस तिथेच खरा बोलतो. सौम्य बोलला असेल तर ‘म्हणाले’ लिहायचं, ‘ठणकावले’ नाही. अवतरणचिन्हं फक्त वहीत शब्द न् शब्द असेल तेव्हा. पंजाबीतलं भाषण मी इंग्रजीत मांडत असे, तेव्हा तर अजिबात नाही. भाषांतरातलं वाक्य माझं असतं, त्याचं नसतं. कार्यालयातले माझे साहेब हसायचे आणि म्हणायचे, “मॅडम, आप अख़बार में नहीं, अदालत में काम करती हैं।”

अमरावतीहून आलेली, लग्न न झालेली, सेक्टर पंधरात भाड्याच्या खोलीत राहणारी बाई. चंदीगडमधली मराठी मंडळी म्हणजे लष्करातल्या अधिकाऱ्यांची कुटुंबं आणि डॉक्टर. गणपतीत बोलवायची, प्रेमाने जेवू घालायची, आणि दोन-तीन वर्षांत त्यांची बदली व्हायची. त्यांच्या मुलांशी मराठीत बोललं तर ती हिंदीत उत्तर द्यायची. मला त्या शहरात ऐकायला पुष्कळ लोक होते. बोलायला कुणी नव्हतं, हे सरळच सांगते.

पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस वाईट होते. चौकाचौकात वाळूची पोती, बसमध्ये चढताना पिशवीची झडती, बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका अशा सूचना. सकाळी पेपर उघडला की आधी पहिल्या पानावर किती माणसं गेली ते बघायचं आणि मग चहा प्यायचा. माणसाला सवय होते, याचा मला अजून राग येतो.

अशा एका फेब्रुवारीत इतिहास विभागातला एक तरुण संशोधक बस स्टॉपवर गोळी लागून गेला. कुणी मारलं ते कळलं नाही. शोकसभा झाली. त्याचे मार्गदर्शक, निवृत्त झालेले एक सरदारजी प्राध्यापक, बोलायला उभे राहिले. मी त्यांना फक्त कॉरिडॉरमधून ओळखत होते. पांढरी पगडी, कोपरावर ठिगळ लावलेला कोट.

सरांनी सुरुवात केली ती थट्टेने. हा मुलगा वर्गात झोपायचा, आणि झोपेतून उठवून प्रश्न विचारला तरी बरोबर उत्तर द्यायचा, म्हणून मला त्याचा फार राग यायचा. लोक हसले. पुढच्या रांगेत त्याची आईही हसली. मग सर त्याच आवाजात पुढे गेले. म्हणाले, बातमी आल्यापासून जो भेटतो तो आधी विचारतो, किसका आदमी था? कुणाच्या बाजूचा होता? रडायचं की नाही ते त्यावर ठरणार. बंदूक हातात असलेल्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही कपड्यातला असो, आपण हा प्रश्न विचारत राहावं असंच वाटतं. कारण उत्तर मिळालं की त्याचं अर्धं काम आपण केलेलं असतं. आणि मग, जरा थांबून, त्यांनी कबूल केलं की फोनवर बातमी ऐकली तेव्हा त्यांच्याही तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला होता.

एवढंच. आवाज चढला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, मूठ आपटली नाही. ते खाली बसले.

मी कार्यालयात येऊन लिहिलं. पहिल्या ओळीत मुद्दा: मेलेल्याची बाजू विचारण्याआधी त्याच्यासाठी रडावं. मग कारण. झोपाळू विद्यार्थ्याची थट्टा एका वाक्यात ठेवली, कारण ती काढली तर उरलेलं प्रवचन झालं असतं. आणि शेवटी सरांची ती कबुली. अवतरणचिन्ह एकही नाही.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. वरून फोन आला होता. सभेत कडक निषेध झाला असं छापून यायला हवं होतं. त्यांनी दुसऱ्या प्रतीवर थट्टा खोडली, कबुली खोडली आणि मधे अवतरणात एक इंग्रजी वाक्य घातलं, ज्याचा अर्थ: आतंकवादियों को कुचल देना चाहिए. सरांच्या तोंडी.

“हे ते बोलले नाहीत,” मी म्हटलं.

“मतलब तो वही है न, मॅडम।”

“मतलब तो नाही, साहेब. त्यांचा मुद्दा याच्या बरोबर उलट आहे. हे वाक्य आलं की सरांची बाजू ठरली. आणि ते शहराच्या टोकाला मनीमाजऱ्यात एकटे राहतात, रोज सकाळी आठच्या बसने इकडे येतात.”

साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. त्या वर्षांत सगळेच कुणाला तरी घाबरून होते, फक्त प्रत्येकाचा ‘कुणीतरी’ वेगळा. शेवटी म्हणाले, जा, त्यांची सही आणा, ज्या कागदावर सही असेल तो पाठवू. दोन्ही कागद माझ्या हातात दिले. संध्याकाळी बस लवकर बंद व्हायच्या, म्हणून मी जेवण न करताच निघाले.

मनीमाजऱ्याची गल्ली अरुंद, दुकानांचे पत्रे अर्धवट ओढलेले. सरांनी स्वतः दार उघडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी परदेशात होती, हे त्यांनी पाणी देता देताच सांगितलं. मी दोन्ही कागद पुढे ठेवले आणि काय झालं ते सांगितलं.

(इथे पुढे जी अवतरणं येतील ती आठवणीतली आहेत, वहीतली नाहीत. वाचणाऱ्याने तेवढी सवलत द्यावी.)

सरांनी आधी साहेबांचा कागद वाचला. बराच वेळ त्या एका वाक्यावर बोट ठेवून बसले. मला वाटलं, आता चिडतील.

“ये मैंने नहीं कहा,” ते म्हणाले. “पर कहना चाहिए था।”

सरांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं.

“परसों रात यही बोल रहा था मैं। इसी कमरे में, दीवार को। इससे भी बुरा बोला।” खिशातून पेन काढत म्हणाले, “लाओ, साइन कर देता हूँ। मेरा बच्चा था वो।”

सबंध वाटेत मी साहेबांशी भांडायची तयारी केली होती, सरांशी नव्हती. बोलणारा स्वतःच सांगतोय की माझ्या नावावर घाला, तर मी कोण नाही म्हणणारी? आणि त्यांच्या रागाला मी नावं कशी ठेवू? तो राग खरा होता. मला तोही दिसत होता आणि त्याच्यापाठी सकाळची आठची बसही दिसत होती.

“सर,” मी म्हटलं, “हे तुम्ही आज म्हणताय. आज म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी वेगळं निवेदन लिहिते, आजच्या तारखेचं, तुमच्या सहीचं. पण सभेत हे झालं नाही. सभेच्या कागदावर मी हे नाही घालू शकत.” हे सगळं मी हिंदीत बोलले, आणि मला रडायला आलं की माझ्या हिंदीला मराठी वळण लागतं, ते लागलं.

सर पेन तसंच धरून बसले. मग म्हणाले, “तुम्हारा वाला पढ़ो। ज़ोर से।”

मी इंग्रजी कागद बघत बघत हिंदीत वाचला. झोपाळू मुलाच्या ओळीला त्यांनी नाकातून आवाज काढला, हसले. ‘किसका आदमी था’ला मान हलवली. शेवटी त्यांची कबुली आली, की त्यांनीही आधी तेच विचारलं होतं. तेव्हा त्यांनी पगडीवरून हात फिरवला आणि तोंड झाकून घेतलं. मी वाचून संपवलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“उसकी माँ ने ये सुना है,” ते म्हणाले. “मेरे मुँह से ये सुनके घर गई है। अब कल सुबह अख़बार में दूसरा कुछ पढ़ेगी तो सोचेगी, बुड्ढे ने मेरे सामने कुछ कहा और लिखवाया कुछ।”

त्यांनी माझ्या कागदावर सही केली. साहेबांचा कागद दोनदा घडी घालून माझ्याकडे परत दिला, फाडला नाही. “उन्हें कहना, ग़ुस्सा मेरा भी यही है।”

मी निघाले. सर दारापर्यंत आले. बस मिळेल ना, म्हणून विचारलं. मग चप्पल घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “बेटी, इतने ध्यान से मेरी बात बहुत साल से किसी ने नहीं सुनी। एक-एक लफ़्ज़ रखा है तुमने, जो था वही।” आणि थांबून विचारलं, “तुम्हारी बात कौन सुनता है?”

“बहुत लोग हैं, सर,” मी म्हटलं.

ते समाधानाने हसले, आशीर्वादाला हात वर केला आणि दार लावून घेतलं. दोन कड्या लागल्याचा आवाज आला.

बसमध्ये मागची सीट मिळाली. वृत्त वेळेत गेलं, दुसऱ्या दिवशी एका पेपरात आतल्या पानावर जसंच्या तसं आलं, थट्टेसकट. साहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत आणि नंतर बोलू लागले. सर पुढेही बसने फिरत राहिले. हे सगळं चांगलंच झालं.

पण त्या संध्याकाळी बसमध्ये बसून मी विचार करत होते, की त्या म्हाताऱ्या माणसाने आयुष्यात एकदा मला प्रश्न विचारला आणि मी त्याला जे उत्तर दिलं, त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.