आप्पांचं दोन ओळींचं पत्र

सहकारी भांडाराच्या मॅनेजरनं पत्र वाचलं, उलटं करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं आणि माझ्या नवऱ्याच्या हातात परत दिलं.

"एवढंच?"

"व्हय साहेब."

"पंधरा वर्षं एका दुकानात काढलीत तुम्ही. मालक लिहितात, कामाला होते आणि स्वखुशीनं सोडून जात आहेत. माणूस कसा आहे, गल्ल्यावर बसवावा का, त्याचं एक अक्षर नाही."

"आप्पांचं लिहिणं तेवढंच असतंय."

"मी समजून घेईन हो, पण संचालक घेणार नाहीत. आधीच्या विक्रेत्यानं भांडारातली कापडाची ठाणं परस्पर विकली. तेव्हापासून जुन्या मालकाची हमी असल्याशिवाय ते माणूस घेत नाहीत. आणि ज्यानं पंधरा वर्षं ठेवलं तोच मालक चांगलं म्हणून लिहीत नाही म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजतात. उद्या दुपारी बैठक आहे. नीट पत्र आलं तर तुमचा अर्ज पुढं ठेवतो. नाहीतर बार्शीच्या एका माणसाचा अर्ज आलेला आहे."

मी दाराबाहेर ट्रंकेवर बसले होते. दोन पोरी होत्या, वळकटी होती, भांड्यांचं पोतं होतं. आम्ही परंड्याहून उस्मानाबादला कायमचं म्हणून आलो होतो. भांडाराचं हे काम नक्की झालं असंच आम्ही धरलं होतं. पत्र दाखवायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते दाखवून झालं की खोली बघायला जायचं होतं.

परत जायला जागा नव्हती. परंड्यात आम्ही आप्पांच्या दुकानामागच्या खोलीत राहायचो. आप्पा म्हणजे दुकानाचे मालक. त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि माझा नवरा लग्नाच्या आधीपासून तिथं. गिऱ्हाईक बघायचं, कापड फाडायचं, गल्ला सांभाळायचा. आप्पांना मूल नव्हतं. भाऊ वारला तसे दोन पुतणे दुकानात येऊन बसायला लागले. त्यांनी माझ्या नवऱ्याला एका वर्षात गल्ल्यावरून उठवून मापावर आणला आणि मापावरून घड्या घालायला. आप्पांना ते दिसत होतं. जिल्ह्याच्या गावी सहकारी भांडार निघालंय, कापडाची जाण असलेला माणूस पाहिजे, ही बातमी आप्पांनीच आणली. "जा बाबा," म्हणाले, "हितं तुझं पोतेरं व्हायलंय." आम्ही खोली सोडली त्याच दिवशी थोरल्या पुतण्याची बायको तिथं शेगडी मांडून मोकळी झाली.

नवरा बाहेर आला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला. पत्र त्यानं खिशात ठेवलं. मी म्हटलं, "उठा. दुपारची गाडी गाठा. आप्पांकडून दुसरं लिहून आणा."

"म्या न्हाय जायचा."

"का?"

"काय म्हणू? मला चांगलं म्हणून लिहून द्या म्हणू?"

"तसंच म्हणायचं."

"मागून आणलेला चांगुलपणा मला नको."

"मग पोरींना काय देऊ? तुमचा न मागितलेला?"

त्याचा स्वभावच तसा. दुकानात दिवसभर गोड बोलून कापड विकायचा आणि स्वतःसाठी तोंड उघडायचं म्हटलं की दगड व्हायचा. मी धाकटीला त्याच्या मांडीवर दिली, थोरलीला बजावलं की बापाला सोडून हलू नको, आणि स्टँडवर गेले. त्याआधी मी कधी एकटी एस.टी.त बसले नव्हते. बार्शीला गाडी बदलावी लागते, तिथं परंड्याची गाडी कुठं लागते ते तिघांना विचारलं आणि तिघांनी तीन जागा दाखवल्या. भीती वाटत होती ती गाडीची नव्हती. मॅनेजर म्हणाला ते खरं असलं तर? आप्पांच्या मनात खरंच काही असलं तर? पुतण्यांनी कानात काही घातलं असलं तर? इतक्या वर्षांत माझ्या मनाला असलं काही शिवलं नव्हतं. त्या गाडीत शिवलं. नवऱ्याचाही संशय आला, खोटं कशाला सांगू.

परंड्याला पोचले तेव्हा दुकानात कंदील लावत होते. आप्पा गादीवर होते. पुतणे ठाणं गुंडाळत होते. एकट्या बाईनं कापडाच्या दुकानाची पायरी चढायची तेव्हा रीत नव्हती. मी खालच्या पायरीवर उभी राहिले.

"काय गं सूनबाई, भांडं बिंडं राहिलं का काय मागं?"

"पत्र चाललं न्हाय, आप्पा."

"का? शिक्का मारलाय की त्याच्यावर."

"शिक्का हाय. माणूस कसा हाय ते न्हाय लिहिलं."

थोरला पुतण्या हसला. "काका, आता त्यांची आरती लिहून द्या. कापूर आम्ही आणतो."

"गप रे," आप्पा म्हणाले. मग मला म्हणाले, "नीट सांग."

मी मॅनेजरचं बोलणं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुमच्या मनात काय असंल ते मलाच सांगा. त्यांनी काय घेतलं असंल तर तसं सांगा. म्या रडणार न्हाय."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता पायरीवरून हाकलतील.

"पंधरा वर्षं ह्या गल्ल्याची किल्ली त्याच्या करदोट्याला होती. म्या आजारी पडलो तवा घरातल्या कपाटाची बी होती. आन् त्याच्याबद्दल म्या लिहू, की हा मनुष्य प्रामाणिक आहे? कागद परक्याला देतेत. ज्याच्यावर वहीम असतोय त्याच्यासाठी लिहितेत की बाबांनो, ह्यानं चोरी केलेली न्हाय. माझा भाऊ होता, त्याचा कधी कागद केला का म्या? घरच्या माणसाचा कागद करत न्हाईत, सूनबाई."

हे खरं होतं. आमच्याकडं असंच होतं. सोयरिकीत मुलाकडचे आपल्या मुलाचं कौतुक करायला लागले की मुलीकडचे एकमेकांकडं बघतात. आप्पांनी त्या दोन ओळी मायेनंच लिहिल्या होत्या. मला ते समजलं, पण तिथं समजून उपयोग नव्हता.

"तुमाला ठावं हाय, आमाला ठावं हाय. तिथं कोण वळखतंय?" मी म्हटलं.

"मग तसल्या मॅनेजरच्या हाताखाली जायाचंच कशाला?"

"कुठं जायाचं मग? तुमच्या खोलीत तर पुतण्यानं शेगडी मांडलीय."

पुतण्याचं हसणं थांबलं. आप्पांनी कापड मोजायच्या गजावर हात फिरवला.

"लिहिणार न्हाय," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं येतो. तोंडानं सांगतो. माझ्या शब्दाला किंमत हाय."

"परंड्यात हाय, आप्पा."

"तू लई बोलाया लागलीस. जा, तुझ्या काकूकडं जेव आन् नीज."

रात्री आप्पांच्या बायकोनं जेवायला वाढलं. सकाळी आप्पा पुढं बसले, मी मागं बायकांत. बार्शीला गाडी वेळेवर सुटेना. ड्रायव्हर चहाला गेला तो येईना. आप्पा दोनदा खाली उतरून कंट्रोलरशी भांडून आले. मी पदराची गाठ सोडत होते आणि बांधत होते. बैठक दुपारी होती, आणि आम्ही पोचलो तेव्हा संचालकांच्या चपला दाराबाहेर निघालेल्या होत्या, म्हणजे बैठक सुरू झाली होती.

नवरा भिंतीला टेकून बसला होता. आप्पांना बघून तो उठला आणि वाकला. आप्पा त्याच्याशी बोलले नाहीत, सरळ आत गेले. मी उंबऱ्याबाहेर थांबले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

आप्पांनी सांगितलं, चांगलं सांगितलं. हा माझ्या घरचा माणूस आहे, ह्याच्या हातात दुकान सोपवून मी काशीला जाऊन आलो, म्हणाले. संचालकांनी मान डोलावली, चहा मागवला. मला वाटलं झालं.

मग चेअरमन म्हणाले, "आप्पा, तुमचं वय मोठं, आम्ही ऐकलं. पण उद्या तपासणीला साहेब आला तर त्याला काय दाखवू? त्याला काय सांगू, परंड्याचे आप्पा येऊन बोलून गेले? फाईलला कागद लागतो."

"माझा शब्द फाईलला लागत न्हाय?"

"लागत नाही."

कुणी हसलं नाही, पण आप्पांचं तोंड उतरलं. नवरा पुढं झाला.

"आप्पा, नका लिहू. म्या बघतो दुसरीकडं कुठं."

दुसरीकडं कुठं? आदल्या रात्री पोरी धर्मशाळेच्या फरशीवर झोपल्या होत्या. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "आप्पा, लिहा."

आतली सगळी माणसं वळून बघायला लागली. नवऱ्यानं तर असं बघितलं, जसं काही मी त्याला भर बाजारात ढकलला.

आप्पांनी हात पुढं केला. "आणा टाक. सांगा काय लिहू."

मॅनेजरनं सांगितलं आणि आप्पांनी लिहिलं. अमुक सालापासून अमुक सालापर्यंत आमच्या दुकानी नोकरीस होते. विक्री व रोख रक्कम हाताळण्याचे काम करीत. प्रामाणिक व विश्वासू आहेत. चालचलणूक चांगली. त्यांच्याविरुद्ध आमची कोणतीही तक्रार नाही. प्रामाणिक लिहिताना आप्पा थांबले. टाक दौतीत बुडवला, पुन्हा बुडवला, आणि लिहिलं. खाली सही केली. शिक्का ते परंड्यालाच विसरले होते. मॅनेजरनं जुनं पत्र मागितलं, त्यावरचा शिक्का आणि सही पाहिली, नव्या सहीशी ताडली, आणि दोन्ही कागद एकाला एक टाचले. "चालेल," म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता.

आम्हाला बाहेर बसवून दार लावलं. आप्पा चहा न पिता बाहेर आले होते. चपला घालता घालता ते नवऱ्याला म्हणाले, "आता तू परका झालास बघ. कागद केला तुझा."

नवरा म्हणाला, "म्या नको म्हणालो होतो."

"व्हय. तू म्हणालास." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

मी जेवून जा म्हटलं. कुठं जेवू घालणार होते कुणास ठाऊक. ते स्टँडकडं चालू लागले. दार उघडलं तेव्हा ते कोपऱ्यावरून वळले असतील. मॅनेजरनं सांगितलं, सहा महिने तात्पुरतं घेतलंय, काम बघून कायम करू.

सहा महिन्यांनी कायम केलं. नवरा म्हातारपणापर्यंत तिथंच होता. परंड्याला तो पुन्हा गेला नाही. आप्पा वारल्याचं कळलं तेव्हाही गेला नाही, मी जा म्हटलं तरी. मला त्यानं त्या "लिहा" बद्दल कधी बोल लावला नाही, आणि बरं केलंस असंही कधी म्हणाला नाही. मी आजही तेच म्हटलं असतं.

त्या पगारावर आम्ही चौघं जगलो. नवरा गेला, थोरली बाळंतपणात गेली. धाकटी आहे, आणि मी आहे.