चुगलखोर आणि पेन्सिल

म्हातारा वायरमन शपथ घेई ती अर्थिंगची. देव ऐकतो की नाही कोण जाणे, अर्थिंग ऐकते, असं त्याचं म्हणणं. त्याने वायरिंग केलेल्या घरांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मात्र बोर्डाच्या झाकणाआड पेन्सिलीने तारखेसह दोन ओळी सापडल्या की काम कुणाचं, हे धंद्यातली माणसं ओळखत.

गेल्या हिवाळ्यापासून त्याची बोटं थरथरू लागली आणि स्क्रूड्रायव्हर मुलीकडे गेला. धंदा तिने त्याच्याच हाताखाली उचलला होता. त्याला मात्र एक काम अजून करायचं होतं. स्वतःचं हे घर बांधलं तेव्हा त्याने बायकोला गिझरचा शब्द दिला होता: पुढच्या थंडीत. त्यानंतर तीस थंड्या येऊन गेल्या. आता तिच्या मनगटाचे सांधे धरले होते आणि चुलीवरून न्हाणीपर्यंत तापलेलं पातेलं उचलणं तिला जमत नव्हतं.

मुलगी गिझर घेऊन आली ती वायरीच्या भेंडोळ्यासकट.

"बाबा, वायर नवी ओढते. जाड, चार एमएमची."

"कशाला? बाथरूमपर्यंत अडीचची आहे. या हातांनी टाकलीय."

"तीन हजार वॉटचा आहे. एकटा तेरा अँपियर खाणार. त्या लाइनवर दिवे, पंखा, इस्त्री आधीच जेवायला बसलेत."

"माझी वायर मला माहीत नाही होय?"

तिने मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि मुख्य बोर्डाचं झाकण उघडलं. आत धुरकट झालेलं, पण ठाशीव अक्षर होतं: *दीड. दिवे, पंखा. गिझर आला तर नवी ओढणे.*

म्हाताऱ्याने ते दोनदा वाचलं.

"बघा," बायको दारातून म्हणाली, "माझं ऐकत नाही ते एक वेळ समजते. तुम्ही तर स्वतःचंही ऐकत नाही."

दुपारपर्यंत मुलीने मुख्य बोर्डापासून गिझरपर्यंत स्वतंत्र लाइन ओढली. फेज, न्यूट्रल आणि अर्थ. मध्ये कुणाचा फाटा नाही. वीस अँपियरचा एमसीबी आणि त्याच्या आधी, करंट कुठे गळला तर लाइन तोडणारा, तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. स्विच बाथरूमच्या बाहेर घेतला. मग स्टुलावरून उतरून म्हणाली, "बोर्डातली शेवटची जोडणी तुम्ही करा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. चष्मा पुसला. चार मिनिटांच्या कामाला पंधरा लागली, पण स्क्रू आवळून त्याने प्रत्येक तार ओढून पाहिली, जशी तो नेहमी पाहत असे. मुलीने आधी गरम पाण्याचा नळ सोडून गिझर भरल्याची खात्री केली, मग मेन चालू केला. स्विच दाबण्याचा मान त्याचा.

टक्.

आरसीसीबी पडला. उठवला, पुन्हा स्विच, पुन्हा टक्.

"चुगलखोर आहे मेला," म्हातारा कानकोंडा होऊन म्हणाला. "काढून टाक. एमसीबी आहेच की."

"एमसीबी वायरीला वाचवतो, बाबा. आईला कोण वाचवणार?"

तो खुर्चीत बसला. हात मांडीखाली धरले. गिझर बंद असताना चुगलखोर गप्प. चालू केला की बोंब मारतो. म्हणजे त्याला दिसतंय की त्याच्यातून गेलेला करंट त्याच्यातून परत येत नाही. गळतीच असेल असं नाही. मग परतीची वाट कुठं चुकली?

"मेन बंद कर," तो एकदम म्हणाला. "न्यूट्रल मी सगळ्या घराच्या जुन्या कॉमन पट्टीत खुपसलाय. चाळीस वर्षांची खोड. तो याच्यातूनच परतायला हवा."

त्याने न्यूट्रल काढून आरसीसीबीच्या गिझरकडच्या टोकाला जोडला. या वेळी हात कमी थरथरला, किंवा त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला कधी सांगितलंत? शोधायला लावायचात."

मेन आला. तिने आधी टेस्टचं बटण दाबलं. चुगलखोर इमानाने पडला. उठवून गिझर लावला. लाल दिवा लागला तो लागलाच.

थोड्या वेळाने नळ सोडून बायकोने दोन्ही मनगटं धारेखाली धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग म्हणाली, "जरा जास्तच तापवलंत."

"तीस वर्षं तापत होतं," म्हातारा म्हणाला.

झाकण लावण्याआधी त्याने कानामागची पेन्सिल काढली. जुन्या ओळीखाली वाकडंतिकडं अक्षर उमटलं: *गिझर. चार, वेगळी लाइन. न्यूट्रल आरसीसीबीतूनच.* तारीख घातली आणि पेन्सिल मुलीपुढे धरली.

"तूही लिही काहीतरी. पुढं कुणी उघडलं तर कळायला हवं, दोघं होतो."